आठ भावांची कसोटी

सेबीने ४ फेब्रुवारी २०२५ रोजी किरकोळ गुंतवणूकदारांच्या अल्गो ट्रेडिंगबाबत एक परिपत्रक काढलं. ज्या अल्गोचं आतलं गणित ग्राहकाला दिसत नाही, त्याला तिथे ‘ब्लॅक बॉक्स’ म्हटलं आहे. अशा अल्गोचा तर्क बदलला, तर त्याची नोंदणी नव्याने करायची, अशी त्यात अट आहे. अट रास्तच आहे. मात्र तर्क बदलल्याचं बदलणाऱ्याला ठाऊक असतं, असं ती धरून चालते आणि नेमकं तेच दरवेळी खरं नसतं. या बाबतीत ज्याची कथा सांगावी असा माणूस म्हणजे बार रोझेनबर्ग.

रोझेनबर्ग बर्कलीतले अर्थशास्त्राचे प्राध्यापक. शेअरची जोखीम कशाकशाची बनलेली असते, हे आकड्यांत मांडणाऱ्यांच्या पहिल्या फळीतले. १९७५ मध्ये त्यांनी ‘बारा’ ही कंपनी काढली. १९७८ साली ‘इन्स्टिट्यूशनल इन्व्हेस्टर’ मासिकाने त्यांना झगा घातलेल्या गुरूच्या रूपात मुखपृष्ठावर छापलं आणि हा माणूस आहे कोण, बोलतोय तरी काय, असा खट्याळ मथळा दिला. पुढे त्यांच्या नावाची गुंतवणूक कंपनी ‘अॅक्सा रोझेनबर्ग’ म्हणून अब्जावधी डॉलर सांभाळू लागली, तीही संगणकाच्या मॉडेलवर. जोखीम मोजायला जगाला शिकवणाऱ्या माणसाच्याच कंपनीत जोखीम मोजणारा कोड चुकला.

ही चूक २००७ मध्ये शिरली. मॉडेलच्या एका भागात आकडे दशांशात होते, दुसऱ्यात टक्क्यांत. ते एकत्र करताना एका मापात आणायला हवे होते, ते आणले गेले नाहीत. त्यामुळे सगळ्या शेअरना एकदम हलवणाऱ्या सामायिक कारणांचं, म्हणजे उद्योग, बाजार यांसारख्या घटकांचं वजन मॉडेलमध्ये फारच कमी पडलं. प्रोग्राम बंद पडला नाही, एररचा संदेश आला नाही. परतावा घसरल्याची ग्राहकांनी तक्रार केली तेव्हा बाजारातल्या चढउतारांकडे बोट दाखवलं गेलं. २००८ साल ते. कोणालाही पटावं असंच कारण. जून २००९ मध्ये एका कर्मचाऱ्याला चूक सापडली. ग्राहकांना ती कळली २०१० च्या एप्रिलमध्ये, कारण मधल्या काळात ती दडवली गेली. अमेरिकेच्या एसईसीशी फेब्रुवारी २०११ मध्ये झालेल्या तडजोडीनुसार कंपनीने ग्राहकांना २१.७ कोटी डॉलर भरपाई आणि वर २.५ कोटी डॉलर दंड दिला. सहाशेहून अधिक पोर्टफोलिओंना झळ लागली होती. त्याच वर्षी खुद्द रोझेनबर्ग यांना २५ लाख डॉलर दंड झाला आणि या व्यवसायाची दारं त्यांना कायमची बंद झाली.

बातम्यांनी भर दिला तो लपवाछपवीवर. पण ती सुरू होण्याआधी दोन वर्षं चूक दिसलीच कशी नाही, हा त्याहून कुतूहलाचा प्रश्न. मूळ कोड कधी बाहेर आला नाही, पण त्याच जातीची चूक एका छोट्या गणितात पाहता येते. समजा, दोनच शेअर आणि दोघांत निम्मे निम्मे पैसे. दोघांनाही सारखंच हलवणाऱ्या एका घटकाची जोखीम २० टक्के आणि प्रत्येक शेअरची स्वतःची, स्वतंत्र जोखीम ३० टक्के. जोखमींचे वर्ग करून बेरीज करायची: सामायिक वाटा ४००, स्वतंत्र वाटा ९०० चा निम्मा, म्हणजे ४५०. एकूण ८५०, त्याचं वर्गमूळ २९.१५ टक्के. आता सामायिक घटक २० ऐवजी ०.२० असा आत आला, तर त्याचा वर्ग ०.०४. बेरीज ४५०.०४ आणि उत्तर २१.२१ टक्के.

फसगत इथेच होते. उत्तर २,१०० टक्के आलं असतं, तर शिकाऊ मुलानेही मान वर केली असती. २१.२१ मात्र अगदी सोज्वळ दिसतं. हजारो शेअर आणि डझनभर घटक असलेल्या खऱ्या मॉडेलमध्ये असा आकडा पाहून कोणाला संशय येणार? पण दोन शेअरचं उत्तर २९.१५ आहे हे आधीच कागदावर मांडलेलं असेल आणि कोडमध्ये बदल झाला की संगणक दरवेळी ते पडताळून पाहत असेल, तर ही चूक पहिल्याच दिवशी उघडी पडते. दुकानातला तराजू तपासायला येणारा वैधमापन निरीक्षक गिऱ्हाइकाचे कांदे मोजत बसत नाही. तो खिशातलं प्रमाणित वजन पारड्यात टाकतो, कारण कांद्यांचं खरं वजन कोणालाच ठाऊक नसतं. ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे असा छोटा, ठरलेला नमुना घेऊन कोडचा एकेक तुकडा तपासणं, याला प्रोग्रामर ‘युनिट टेस्ट’ म्हणतात.

ट्रेडिंगच्या कोडमध्ये ज्याला ही तपासणी सर्वांत आधी हवी, तो तुकडा म्हणजे सिग्नल फंक्शन: भाव आत घ्यायचे आणि ‘शेअर हाती ठेव’ म्हणजे १ किंवा ‘बाहेर राहा’ म्हणजे ० सांगायचं. एक साधा नियम घेऊ. दोन दिवसांची सरासरी तीन दिवसांच्या सरासरीच्या वर गेली, की दुसऱ्या दिवसासाठी शेअर हाती ठेवायचा. पायथन आणि पांडास वापरणारा कोणीही तो असा लिहील:

```python
import pandas as pd

def signal(close):
    fast = close.rolling(2).mean()
    slow = close.rolling(3).mean()
    pos = (fast > slow).astype(int)
    return pos.shift(1, fill_value=0)

def test_signal():
    close = pd.Series([100, 100, 100, 102, 104, 103, 99, 98])
    assert signal(close).tolist() == [0, 0, 0, 0, 1, 1, 1, 0]
```

नमुना आठच भावांचा, पण एकेक भाव विचार करून निवडलेला. चौथ्या दिवशी दोन दिवसांची सरासरी १०१ आणि तीन दिवसांची १००.६७, म्हणून पाचव्या दिवशी शेअर हाती. सातव्या दिवशी पहिली सरासरी १०१ वर आणि दुसरी १०२ वर येते. म्हणून आठव्या दिवशी बाहेर. म्हणजे खरेदी चौथ्या दिवसाच्या बंद भावाला, १०२ ला आणि विक्री सातव्या दिवसाच्या बंद भावाला, ९९ ला. तीन रुपये तोटा.

आता कोणीतरी कोड ‘स्वच्छ’ करता करता शेवटच्या ओळीतलं shift(1) काढून टाकतं. दिसायला फालतू ओळ. सिग्नल लगेच ०, ०, ०, १, १, १, ०, ० असा होतो. बॅकटेस्टच्या हिशेबात खरेदी तिसऱ्या दिवशी १०० ला आणि विक्री सहाव्या दिवशी १०३ ला. तीन रुपयांचा तोटा तीन रुपयांचा नफा झाला! कारण उघड आहे. चौथ्या दिवसाचा भाव पाहून घेतलेला निर्णय तिसऱ्याच दिवशी घेतल्यासारखा मोजला गेला. भविष्यात डोकावणारी ही चूक बॅकटेस्टमध्ये नेहमी सुंदरच दिसते, म्हणून ती पकडायचं कोणाच्या मनातही येत नाही. आलेख वर गेला की शंका कोण घेतो? टेस्ट मात्र लाल होते, कारण तिला नफ्याशी कर्तव्य नाही.

सुरुवातीला तीन वेळा १०० का, असं चाणाक्ष वाचक विचारेल. ‘मोठं’ऐवजी ‘मोठं किंवा समान’ असा बदल कोणी केला, म्हणजे > च्या जागी >= आलं, तर तिसऱ्या दिवशी दोन्ही सरासऱ्या १०० असल्याने फंक्शन एक दिवस आधीच खरेदी करतं. तेजीतल्या शेअरवर हा फरक जवळजवळ कधीच दिसत नाही. ज्या शेअरमध्ये व्यवहार नगण्य असतात आणि बंद भाव दिवसेंदिवस तोच राहतो, तिथे तो रोज दिसतो.

आणि एखादा भाव आलाच नाही तर? पाचव्या दिवसाचा १०४ गाळून पाहा. पांडासच्या हिशेबी त्या दिवसाची सरासरी ‘नाही’, ‘नाही’ची कशाशीही तुलना खोटी, म्हणून उत्तर ०. भाव न मिळाल्यामुळे फंक्शन गुपचूप शेअर विकून टाकतं! सिग्नल ०, ०, ०, ०, १, ०, ०, ० होतो. त्या रिकाम्या जागी आदल्या दिवसाचा १०२ भरला, तर पुन्हा मूळचाच सिग्नल मिळतो. यांतलं बरोबर कोणतं, हे गणित सांगत नाही. ते कोणीतरी ठरवून दुसऱ्या छोट्या टेस्टमध्ये लिहून ठेवायचं असतं. नाहीतर ते ठरवतं वापरलेलं सॉफ्टवेअर, आणि सॉफ्टवेअर मत बदलतं. पांडासमधलं रोजची टक्केवारी काढणारं pct_change वर्षानुवर्षं न सांगता गाळलेल्या जागा आधीच्या भावाने भरत असे. २०२३ च्या २.१ आवृत्तीपासून ही सवय मोडीत काढण्याची सूचना दिसू लागली. कोडच्या एकाही अक्षराला हात न लावता सिग्नल बदलू शकतो, तो असा.

नमुना ठरलेला हवा, म्हणजे फाइलमध्ये गोठवलेला हवा. काहीजण टेस्टमध्येच इंटरनेटवरून खरे जुने भाव ओढतात. पण जुने भाव जुने राहतात कुठे? रिलायन्सने ऑक्टोबर २०२४ मध्ये एकास एक बोनस दिला आणि समायोजित भावांच्या सगळ्या तक्त्यांत तिचा मागचा इतिहास एका रात्रीत निम्मा झाला. दोन सरासऱ्यांच्या तुलनेला त्याने धक्का लागत नाही, दोन्ही बाजू सारख्याच निम्म्या होतात. ‘भाव ५० रुपयांनी वाढला की घे’ अशा नियमाचे जुने सिग्नल मात्र पार बदलतात. मग टेस्ट लाल झाली ती कोड बिघडला म्हणून की कंपनीने बोनस दिला म्हणून, हे शोधण्यात सकाळ जाते. दोन-चारदा असं झालं की लाल दिव्याकडे कोणी पाहीनासं होतं.

टेस्टमधलं अपेक्षित उत्तर कोठून आलं, यावर सगळं अवलंबून असतं. फंक्शन चालवायचं आणि जे छापून येईल तेच ‘बरोबर उत्तर’ म्हणून चिकटवायचं, ही पद्धत सर्रास आहे. मायकेल फेदर्स यांनी २००४ च्या आपल्या पुस्तकात जुन्या, गुंतागुंतीच्या कोडसाठी ती मुद्दाम सुचवली. तिथे हेतू असतो आजचं वागणं टिपून ठेवण्याचा, ते बरोबर आहे असं म्हणण्याचा नव्हे. रोझेनबर्गच्या मॉडेलला तशी टेस्ट लावली असती, तर तिने २१.२१ सारखं चुकीचंच उत्तर इमानेइतबारे जपलं असतं. म्हणून आठ भावांचं गणित कागदावर, कोडकडे न बघता करायचं. पाच मिनिटं लागतात. टेस्ट लाल झाल्यावर नवे आकडे चिकटवून ती हिरवी करायची हुक्की आली, तर आधी त्या बदलाचं कारण एका वाक्यात लिहायचं. ते लिहिता येत नसेल तर बदल परत घ्यायचा. आणि कारण लिहिता आलं, तर सेबीच्या अर्थाने तर्क बदललेला असू शकतो, हे ब्लॅक बॉक्स विकणाऱ्याने ओळखावं.

या तपासण्या काय करत नाहीत, तेही विक्रेत्यांच्या जाहिराती वाचणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं. ‘आमचा अल्गो पूर्णपणे टेस्टेड आहे’ यातून तो पैसे मिळवतो असं काहीही सिद्ध होत नाही. वरचं फंक्शन आपल्या टेस्टमध्ये अचूक उत्तीर्ण होतं, आणि त्याच आठ दिवसांत शेअरमागे तीन रुपये घालवतं.