सहाच्या गटात चौघांना जागा का नाही?

अ × ब + क ही राशी घ्या आणि तिन्ही अक्षरांच्या जागा वाटेल तशा बदलून पाहा. अदलाबदलीचे प्रकार सहा, पण हाती लागणाऱ्या राशी तीनच: अब + क, बक + अ आणि कअ + ब. दुसरी एखादी राशी घेतली तर कधी एक, कधी दोन, कधी सहा राशी मिळतात. चार किंवा पाच मात्र कधीच मिळत नाहीत. जोसेफ-लुई लाग्रांज 1770-71 च्या सुमारास बर्लिनमध्ये समीकरणे सोडवण्याच्या पद्धती तपासत होता, तेव्हा त्याने हे हेरले. ‘गट’ ही कल्पना तेव्हा जन्मालाही आली नव्हती. आज तिच्याच भाषेत ही गोष्ट लाग्रांजचे प्रमेय म्हणून शिकवली जाते: सांत गटातल्या कोणत्याही उपगटाच्या घटकसंख्येने गटाच्या घटकसंख्येला नि:शेष भाग जातो.

कारण समजून घ्यायला पुठ्ठ्याचा एक समभुज त्रिकोण कापावा. वरच्या कोपऱ्यावर क, खाली डावीकडे अ, उजवीकडे ब. त्रिकोण उचलून पुन्हा त्याच चौकटीत बसवायचे मार्ग सहाच आहेत: जैसे थे ठेवणे, डावीकडे 120 अंश फिरवणे (याला ‘फ’ म्हणू), 240 अंश फिरवणे (‘फफ’), आणि एकेक कोपरा जागेवर ठेवून पालथे घालण्याच्या तीन कृती. वरचा कोपरा जागेवर ठेवणाऱ्या पालथ्या कृतीला ‘उ’ म्हणू. एकापाठोपाठ दोन कृती केल्या तरी परिणाम या सहांपैकीच एक असतो, आणि प्रत्येक कृती उलटवता येते. म्हणून हा सहा घटकांचा गट.

यातली ‘जैसे थे’ आणि ‘उ’ ही जोडी स्वतःपुरतीही पूर्ण आहे, कारण उ दोनदा केली की त्रिकोण मूळ स्थितीत येतो. हा झाला उपगट. आता त्याच्या दोन्ही कृतींनंतर फ करा. ‘फ’ आणि ‘आधी उ, मग फ’ अशी नवी जोडी मिळते. तिला उपगटाचा कोसेट म्हणतात. फफ वापरून आणखी एक कोसेट मिळतो. तीन जोड्यांत सहाही कृती संपतात. जोड्यांचा अर्थही डोळ्यांना दिसतो: पहिलीत क वरच राहतो, दुसरीत खाली डावीकडे जातो, तिसरीत खाली उजवीकडे.

हे केवळ त्रिकोणापुरते नाही. कोसेटचा आकार नेहमी उपगटाएवढाच असतो, कारण नंतर केलेली कृती उलटवता येते. म्हणजे दोन वेगळ्या कृती तिच्यामुळे एक होऊ शकत नाहीत. शिवाय प्रत्येक कृती कुठल्या ना कुठल्या कोसेटमध्ये असतेच, कारण ‘आधी जैसे थे, मग ती कृती’ म्हणजे तीच कृती.

उरला प्रश्न दोन कोसेट अर्धवट एकमेकांत घुसण्याचा. समजा, एकच कृती दोन कोसेटमध्ये सापडली: उपगटातली एक कृती करून मग फ केल्यानेही ती मिळते, आणि उपगटातली दुसरी करून मग फफ केल्यानेही. सुरुवातीची कृती उलटवली की फ म्हणजे ‘आधी उपगटातले काहीतरी, मग फफ’ असे ठरते. मग फ चा अख्खा कोसेट फफ च्या कोसेटमध्ये सामावतो, आणि आकार सारखे असल्याने दोन्ही एकच ठरतात. म्हणून कोसेट एकतर तंतोतंत एक असतात, नाहीतर पूर्ण वेगळे. गटाचे सारख्या आकाराचे तुकडे पडतात. सहाचे चार-चारचे तुकडे पडत नाहीत, म्हणून चार घटकांचा उपगट इथे असूच शकत नाही.

उपगट नसलेली जोडी घेतली तर काय होते? ‘जैसे थे’ आणि ‘फ’ घ्या. दोन्हींनंतर फ केल्यावर ‘फ’ आणि ‘फफ’ मिळतात. फ दोन्हीकडे, पण जोड्या वेगळ्या. वाटणी तिथेच फसते.

प्रमेयाची उलट बाजू मात्र खरी नाही. चार समभुज त्रिकोणांच्या चतुष्फलकाला फिरवण्याचे 12 प्रकार आहेत. 12 ला 6 ने भाग जातो, तरी त्यात सहांचा उपगट नाही. तो असता तर कोसेट दोनच झाले असते, आणि तेव्हा कोणतीही कृती दोनदा केली की ती उपगटातच पडते. चतुष्फलकाची 120 किंवा 240 अंशांची आठ भ्रमणे आहेत, आणि त्यांतले प्रत्येक भ्रमण दुसरे एक भ्रमण दोनदा केल्याने मिळते. 240 अंश दोनदा म्हणजे 480, अर्थात 120. म्हणजे आठही भ्रमणे त्या सहा घटकांच्या उपगटात मावायला हवी होती.