एकदा लागलेला क्रम

तपासून झालेल्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा टेबलावर आहे. गुण यादीत चढवायचे, तर आधी तो रोल नंबरप्रमाणे लावायला हवा. आपण गठ्ठ्यावर नजर फिरवतो आणि लहान नंबर वर ओढतो. संगणकाला अशी नजर फिरवता येत नाही. एका वेळी दोन पेपर घ्यायचे आणि त्यातला आधीचा कोणता ते ठरवायचं, एवढंच त्याला जमतं. म्हणून क्रम लावण्याची रीत, म्हणजेच सॉर्टिंगचा अल्गोरिदम, किती तुलना मागतो यावर सगळा वेळ अवलंबून असतो.

आठच पेपर घेऊन पाहू. रोल नंबर असे आलेत: २७, १४, ३३, ८, ४१, १९, ३०, ५.

बबल सॉर्टमध्ये शेजारचे दोन पेपर पाहायचे, मोठा नंबर आधी असेल तर अदलाबदल करायची आणि एक घर पुढे सरकायचं. २७ आणि १४ उलटे आहेत, त्यांची जागा बदलली. २७ आणि ३३ बरोबर आहेत, तसेच ठेवले. असं शेवटपर्यंत गेलं की पहिली फेरी संपते आणि गठ्ठा असा दिसतो: १४, २७, ८, ३३, १९, ३०, ५, ४१. सर्वांत मोठा ४१ शेवटी पोहोचला. पाण्यातला बुडबुडा वर येतो तसा तो सरकत गेला, म्हणून हे नाव. पण ५ कडे पाहा. त्याला पहिल्या जागी जायचंय आणि एका फेरीत तो एकच घर पुढे आला. त्याच्यासाठी सात फेऱ्या लागतात. प्रत्येक फेरीत एक पेपर जागेवर बसून कमी होतो, म्हणून तुलना होतात ७+६+५+४+३+२+१, म्हणजे २८.

दुसरी फेरी सुरू होताच कोणते पेपर हातात येतात? १४ आणि २७. यांची तुलना तर आधीच्या फेरीत झाली होती. तेव्हा कळलेलं बबल सॉर्ट कुठे जपून ठेवत नाही, म्हणून तोच प्रश्न पुन्हा विचारतं.

मर्ज सॉर्ट नेमकं तेच जपतं. ही रीत जॉन फॉन नॉयमन यांनी १९४५ मध्ये मांडली. आधी पेपरांच्या जोड्या करून प्रत्येक जोडी लावून घ्यायची: १४-२७, ८-३३, १९-४१, ५-३०. झाल्या चार तुलना. मग दोन-दोन जोड्या एकत्र करायच्या. दोन्ही गठ्ठे लागलेले असल्यामुळे प्रत्येकाचा सर्वांत लहान नंबर वरच असतो. फक्त वरचे दोन पेपर पाहायचे, लहान तो उचलून नव्या गठ्ठ्यात ठेवायचा. एक गठ्ठा संपला की दुसऱ्यातले उरलेले पेपर न पाहता तसेच ठेवायचे. अशा सहा तुलनांमध्ये ८, १४, २७, ३३ आणि ५, १९, ३०, ४१ हे दोन गठ्ठे तयार होतात. ते एकत्र करायला आणखी सात. एकूण १७. एकदा समोरासमोर आलेले दोन पेपर पुन्हा कधीच एकमेकांशी ताडले जात नाहीत, कारण ते आता एकाच लागलेल्या गठ्ठ्यात असतात.

२८ आणि १७ यांतला फरक किरकोळ वाटेल. वर्गात ६४ मुलं असतील, तर बबल सॉर्टला २,०१६ पर्यंत तुलना लागू शकतात, मर्ज सॉर्टला जास्तीत जास्त ३२१. एका तुलनेला पाच सेकंद धरले, तर एकीकडे पावणेतीन तासांहून जास्त आणि दुसरीकडे सुमारे २७ मिनिटं. पेपर दुप्पट केले, की बबल सॉर्टचं काम चौपट होतं; मर्ज सॉर्टचं दुपटीहून थोडंच वाढतं.

मर्ज सॉर्टला याची किंमत जागेने मोजावी लागते. नवा गठ्ठा रचायला टेबलाचा तेवढाच आणखी भाग मोकळा लागतो. बबल सॉर्ट आहे त्याच जागेत काम उरकतं. शिवाय ६४ पेपर आधीच क्रमाने असतील, तर ते ६३ तुलनांची एक फेरी करतं, अदलाबदल झाली नाही हे पाहतं आणि थांबतं. साधं मर्ज सॉर्ट तिथेही १९२ तुलना करतं. मात्र लागलेल्या गठ्ठ्यात फक्त १ नंबरचा पेपर तळाशी राहिला असेल, तर बबल सॉर्टला पुन्हा सगळ्या ६३ फेऱ्या माराव्या लागतात.

टिम पीटर्स यांनी २००२ मध्ये पायथन भाषेसाठी रचलेल्या टिमसॉर्टने यातून मार्ग काढला. ते आधी गठ्ठ्यात मुळातच क्रमाने आलेले तुकडे शोधतं आणि मग तेच तुकडे मर्ज करतं. आयता मिळालेला क्रमही ते वाया जाऊ देत नाही.