सुफले का बसतं?

चुलीवरची भाकरी वाफेने टम्म फुगते आणि ताटात येताच बसते. चॉकलेट सुफलेचंही तसंच. अंड्याचा पांढरा भाग फेटला की त्यात हवेचे बारीक बुडबुडे अडकतात. पिवळ्याचा थेंबही पडला तर फेस नीट धरत नाही. हा फेस कोमट चॉकलेटमध्ये हलक्या हाताने मिसळून वाट्या १९० अंशांवर साधारण १२ मिनिटं भाजतात. नुसती हवा तापून आकारमान जेमतेम पाव हिश्शाने वाढतं. उरलेली उंची वाफेची. बाहेर काढताच वाफेचं पाणी होतं, हवा आकसते आणि आतला मऊ भाग भार पेलत नाही. जास्त भाजलं तर कमी बसतं, पण कोरडं होतं. म्हणून आधी पाहुण्यांना बसवा, मगच ओव्हन उघडा.