पाय, खांब आणि साखळी

एक रुपयाची नोट उलटी करून पाहिली, तर मागच्या बाजूला समुद्रात उभं असलेलं एक यंत्र दिसतं. ते ‘सागर सम्राट’. जपानमध्ये बांधलेल्या या रिगने फेब्रुवारी 1974 मध्ये मुंबईच्या पश्चिमेला, किनाऱ्यापासून सुमारे 160 किलोमीटरवर तेल शोधलं आणि ‘बॉम्बे हाय’ हे नाव घरोघरी पोचलं. मे 1976 मध्ये तिथून उत्पादन सुरू झालं. पण ज्याने तेल शोधलं, त्याने ते वर्षानुवर्षं काढलं नाही. शोध लावून ‘सागर सम्राट’ पुढच्या जागी गेला आणि विहिरींवर कायमचे पोलादी प्लॅटफॉर्म उभे राहिले. समुद्रातल्या तेलाच्या धंद्यात शोधणारा फिरता असतो आणि काढणारा बसका. लांबून सगळेच लोखंडी मनोरे सारखे दिसत असले, तरी समुद्राचा धक्का प्रत्येक जण वेगळ्या रीतीने झेलतो.

फिरता म्हणजे जॅक-अप रिग. त्याचं धड ही एक चपटी तराफ्यासारखी बोट असते आणि तिच्यातून बहुधा तीन जाळीदार पाय वर आकाशात गेलेले असतात. टग बोटी ओढत ठरल्या जागी आणतात, मग दातेरी पट्ट्या आणि चाकांच्या यंत्रणेने पाय खाली सोडले जातात. पायांच्या तळाशी रुंद पोलादी टाचा असतात; त्यांना स्पड कॅन म्हणतात. टाचा तळाला टेकल्या की धड स्वतःला पायांवरून वर उचलू लागतं.

इथे नवख्याला वाटतं की काम झालं. खरी परीक्षा पुढे आहे. धड पाण्याच्या जेमतेम मीटर-दीड मीटर वर आणून थांबवतात आणि त्याच्या टाक्यांमध्ये समुद्राचंच पाणी भरत जातात. मोठ्या वादळात प्रत्येक पायावर जेवढा भार येऊ शकेल, तेवढा भार हे पाणी आधीच घालून पाहतं. पाय रुततात, पुन्हा रुततात, मग थांबतात. तासन् तास वाट पाहून रुतणं पूर्ण थांबल्याची खात्री झाली की पाणी सोडून देतात आणि मगच धड लाटांच्या आवाक्याबाहेर उंच नेतात. या चाचणीला प्रीलोडिंग म्हणतात. ती पाण्यालगत करण्याचं कारण सरळ आहे. तळाशी वर कडक थर आणि खाली मऊ चिखल अशी रचना असेल, तर भार वाढताना एखादा पाय कडक थर फोडून अचानक खाली जाऊ शकतो. अशा वेळी धड खाली येऊन पाण्यावर टेकतं आणि तरंगतं. उंचावर असताना हेच घडलं, तर रिग कलंडतो आणि पाय वाकतात. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेला सेंट व्हिन्सेंटच्या आखातात 1996 मध्ये ‘मर्स्क व्हिक्टरी’ या रिगचा पाय असाच तळ फोडून खाली गेला आणि रिगचं मोठं नुकसान झालं.

मुंबई हायसारख्या जुन्या क्षेत्रात आणखी एक अडचण येते. एकाच प्लॅटफॉर्मशेजारी रिग पुन्हा पुन्हा येतात आणि प्रत्येक जण तळात टाचांचे खड्डे सोडून जातो. नव्या रिगची टाच जुन्या खड्ड्याच्या काठावर पडली, तर ती खड्ड्याकडे घसरते आणि पाय शेजारच्या प्लॅटफॉर्मच्या दिशेने झुकतो. म्हणून आधीच्या रिगच्या पायांच्या खुणा नकाशावर जपून ठेवाव्या लागतात.

असा रिग उभा असताना बराच भक्कम असतो. त्याचा वाईट काळ प्रवासाचा. पाय वर काढलेले असतात, गुरुत्वमध्य उंच गेलेला असतो आणि चपट्या धडाला लाटा कापता येत नाहीत. नोव्हेंबर 1979 मध्ये चीनच्या बोहाय आखातात ‘बोहाय-2’ हा जॅक-अप ओढून नेत असताना वादळात बुडाला आणि 72 माणसं गेली. म्हणूनच रिग हलवायचा तर शांत हवेचे काही सलग दिवस हाताशी लागतात.

बसक्या प्लॅटफॉर्मचं काम उलट्या टोकाला सुरू होतं. त्याचा सांगाडा, म्हणजे जॅकेट, किनाऱ्यावरच्या यार्डात आडवं बांधतात. माझगाव डॉकनेही अशी कामं केली आहेत. बार्जवर लादून ते जागेवर नेतात, पाण्यात सोडतात आणि त्याच्या पोकळ्यांत हिशेबाने पाणी भरत उभं करतात. उभं राहिलेलं जॅकेट अजून पाहुणंच असतं. त्याच्या पायांतून किंवा पायांलगत पोलादी नळ्या, म्हणजे पाइल, घणाने ठोकून तळाखाली खोल उतरवतात. प्लॅटफॉर्म समुद्रतळावर नुसता टेकलेला नसतो, या पाइलमुळे तो तळात रोवलेला असतो. जॅक-अपची भिस्त टाचेखालच्या मातीच्या वरच्या थरांवर, तर याची भिस्त पाइलच्या अंगाला घासणाऱ्या खोल मातीवर. ही माती दगाही देते. 1982 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या वायव्येला नॉर्थ रँकिन प्लॅटफॉर्मचे पाइल शिंपल्यांच्या चुऱ्याने बनलेल्या वाळूत अपेक्षेपेक्षा फारच सहज खाली गेले. सहज जाणं ही तिथे वाईट बातमी होती, कारण ज्या घर्षणावर सगळा भार तोलायचा तेच नव्हतं. पुढे पाया मजबूत करण्याचं मोठं काम करावं लागलं.

मुंबई हायमधले कितीतरी छोटे प्लॅटफॉर्म म्हणजे नुसते विहिरींच्या तोंडांचे ओटे आहेत. तिथे स्वतःचं खोदयंत्र नसतं आणि वस्तीही नसते. नवी विहीर खोदायची किंवा जुनी दुरुस्त करायची झाली की जॅक-अप शेजारी येऊन उभा राहतो आणि खोदण्याचा मनोरा आडव्या तुळयांवरून सरकवत प्लॅटफॉर्मच्या वर नेतो. दोघेही तळाला बांधलेले असल्याने विहिरीचं तोंड पाण्याच्या वर ठेवता येतं. विहीर उसळली तर बंद करणारी झडपांची चळतही डेकवरच असते आणि मिस्त्रीला तिला हात लावता येतो. फिरत्याचा कधी बसकाही होतो: ‘सागर सम्राट’चंही पुढे उत्पादन केंद्रात रूपांतर करण्यात आलं आणि डिसेंबर 2022 मध्ये ते कामाला लागलं.

रोवलेल्या प्लॅटफॉर्मला धोका आला तरी जागा सोडता येत नाही; ही उणीव 27 जुलै 2005 रोजी दिसली. आदल्या दिवशीच्या पावसाने मुंबई बुडालेली होती, हेलिकॉप्टर मिळत नव्हतं आणि सेवानौका ‘समुद्र सुरक्षा’वरच्या एका जखमी स्वयंपाक्याला मुंबई हाय नॉर्थ प्लॅटफॉर्मवर उतरवायचं होतं. जवळ येताना नौका राइजरवर आदळली. राइजर म्हणजे तळावरून तेल आणि वायू वर आणणाऱ्या उभ्या नळ्या. वायू सुटला, पेटला आणि दोनेक तासांत उत्पादनाचा सगळा प्लॅटफॉर्म नष्ट झाला. 22 जण मृत किंवा बेपत्ता झाले. शेजारी उभा असलेला जॅक-अपही सोडून द्यावा लागला. पाय तळातून उपसून निघायला लागणारा वेळ आग देत नाही.

मग सगळीकडे तळात रोवलेलेच प्लॅटफॉर्म का बांधत नाहीत? उत्तर पोलादाच्या खर्चात आहे, पण त्याहून जास्त लाटांच्या तालात आहे. वादळी लाटा साधारण 10 ते 15 सेकंदांच्या अंतराने येतात. मुंबई हायच्या सुमारे 75 मीटर पाण्यातलं जॅकेट धक्का लागल्यावर दोन-तीन सेकंदांत एक हेलकावा पूर्ण करतं, म्हणून लाटेशी त्याचा ताल जुळत नाही. सांगाडा जसजसा उंच करावा, तसतसा त्याचा हेलकावा संथ होत लाटेच्या तालाकडे सरकतो. झोक्याला त्याच्याच लयीत ढकलत राहिलं की तो चढत जातो. तसंच इथे होतं आणि सांधे थकून तडकू लागतात. मेक्सिकोच्या आखातात 1988 साली 412 मीटर पाण्यात ‘बुलविंकल’ हा प्लॅटफॉर्म उभारला. ताठ जॅकेटची ती जवळजवळ शेवटची पायरी ठरली. जॅक-अपचे पाय तर याहून सडपातळ, म्हणून त्याची मर्यादा फार आधी, सुमारे 150 मीटरवर येते.

खोल पाण्यात अभियंते लाटेच्या तालाला दुसऱ्या बाजूने ओलांडतात. लाटेपेक्षा चपळ होता येत नसेल, तर तिच्यापेक्षा कितीतरी संथ व्हायचं. साखळ्यांनी किंवा दोरांनी तळाशी बांधलेला तरंगता प्लॅटफॉर्म आडवा सरकून परत यायला मिनिट-दोन मिनिटं घेतो. 12 सेकंदांची लाट त्याला तालात पकडू शकत नाही. तो सरकतो हा दोष नाही, सरकण्यासाठीच तो तसा बांधलेला असतो. किंमत मात्र विहिरीपाशी मोजावी लागते. झडपांची चळत आता समुद्रतळावर ठेवावी लागते, तिथे माणसाचा हात पोचत नाही आणि वरच्या यंत्रापर्यंत लांब राइजर लोंबतो. खोदणारं जहाज फार सरकलं तर राइजर तिरपा होऊन वाकतो आणि त्याआधीच विहीर बंद करून तो सोडवावा लागतो.

साखळी तुटली तर काय होतं, ते फेब्रुवारी 2011 मध्ये उत्तर समुद्रात दिसलं. ‘ग्रिफन अल्फा’ हे तेल काढून साठवणारं जहाज वादळात नेहमीप्रमाणे वाऱ्याकडे तोंड करून उभं होतं. एकामागून एक चार साखळ्या तुटल्या, जहाज लाटांना आडवं झालं, जागेवरून सरकलं आणि तळावरच्या नळ्या-जोडण्यांची मोडतोड झाली. माणसं वाचली, पण उत्पादन 2013 पर्यंत बंद राहिलं.

इतक्या जोखमीतही खोल पाण्यातल्या साखळीला एक फायदा असतो: तिच्याजवळ लांबी असते. उथळ पाण्यातली साखळी त्याहून नाठाळ. साखळीची शक्ती तिच्या वजनात आहे. नौका सरकली की तळावर पडून असलेली साखळी वर उचलली जाते आणि तिचं वजन नौकेला हळूहळू मागे खेचतं. 75 मीटर पाण्यात हे लोंबतं वजन थोडंच असतं. नौका जरा जास्त सरकली की साखळी किंवा दोर ताठ होतो आणि पुढची लाट त्याला हिसका देते. शिवाय साधा नांगर आडव्या ओढीला धरतो, पण ओढ वरच्या दिशेने आली की तो सुटून फरफटतो.

17 मे 2021 रोजी तौक्ते चक्रीवादळ याच पाण्यावरून गेलं. पी-305 हा कामगारांच्या राहण्याचा बार्ज तेव्हा 261 माणसांसह मुंबई हायजवळ नांगर टाकून होता. नांगर निकामी झाले, बार्ज वाहवत जाऊन एका प्लॅटफॉर्मवर आदळला, तळाला भोकं पडली आणि संध्याकाळी तो बुडाला. सत्तरहून अधिक माणसं गेली. ‘सागर भूषण’ या खोदजहाजाचेही नांगर गेले आणि ते उत्तरेकडे वाहत गेलं. त्यावरची माणसं वाचवता आली. त्या दिवशी भरकटलेल्या यानांच्या यादीत आणखी दोन बार्ज होते. चौघांमध्ये एक गोष्ट समान होती: नांगराखेरीज त्यांना कशाचाच आधार नव्हता.

वादळापुढे रोवलेला प्लॅटफॉर्म आणि नीट प्रीलोड केलेला जॅक-अप उभे राहण्याच्या हिशेबानेच बांधलेले असतात. नांगरलेल्या बार्जचा हिशेब वेगळा असतो; उथळ समुद्रात त्याचा नांगर कामाच्या दिवसांसाठी आहे, चक्रीवादळासाठी नाही. चक्रीवादळाचा इशारा हाती आल्यावर अशा बार्जने प्लॅटफॉर्मपासून थोडं दूर सरकून थांबणं पुरेसं नाही, त्याने वेळेत बंदर गाठलंच पाहिजे.