प्रतिध्वनीची पाऊण मात्रा

गाण्याचा वेग बीपीएममध्ये मोजतात, म्हणजे एका मिनिटात किती मात्रा पडतात त्या आकड्यात. प्रतिध्वनी तयार करणाऱ्या यंत्राला स्टुडिओत ‘डिले’ म्हणतात आणि त्याला वेळ सांगावी लागते ती मिलिसेकंदात. मूळ सूर वाजल्यानंतर त्याची नक्कल किती वेळाने सोडायची, एवढेच त्याला ठाऊक असते. या दोन मापांना जोडणारा हिशोब एका भागाकाराचा आहे. मिनिटाचे ६०,००० मिलिसेकंद होतात, त्यांना बीपीएमने भागले की एका मात्रेची लांबी मिळते. वेग १२० असेल तर मात्रा ५०० मिलिसेकंदांची, १२६ असेल तर ४७६.२ मिलिसेकंदांची.

संगणकावरच्या रेकॉर्डिंगमध्ये हा भागाकार सॉफ्टवेअरच करते. पण गिटारवादकाच्या पायाखालच्या पेडलवर, जुन्या यंत्रांवर किंवा दुसऱ्याच्या तयार ट्रॅकवर काम करताना तो हाताने करावा लागतो आणि त्यासाठी आधी बीपीएम नेमका कळायला हवा. स्टॉपवॉच लावून ३२ मात्रा मोजाव्यात. घड्याळ सुरू होते त्या मात्रेला ‘शून्य’ म्हणायचे, ‘एक’ नव्हे. नाहीतर एक मात्रा कमी पडते आणि वेग जास्त निघतो. ३२ मात्रांना १५.२४ सेकंद लागले तर वेग १२६. बोट दाबताना सेकंदाचा पाचवा भाग इकडेतिकडे झाला, तर या मोजणीत सव्वा टक्क्याच्या आसपास चूक येते. तीच मोजणी १२८ मात्रांवर केली की चूक पाव होते, म्हणून लांब मोजलेले बरे.

मात्रेची लांबी मिळाली तरी प्रतिध्वनी नेमका तेवढ्याच अंतरावर ठेवणे बहुधा फायद्याचे नसते. एका मात्रेनंतर येणारी नक्कल थेट पुढच्या ठोक्यावर पडते. तिथे ड्रम असतो, बेस असतो, खुद्द वादकाचा पुढचा सूर असतो, आणि त्या गर्दीत ती झाकली जाते. अर्ध्या मात्रेचा प्रतिध्वनीही, वादक अर्ध्या-अर्ध्या मात्रेला सूर छेडत असेल, तर त्याच्याच पुढच्या सुरावर बसतो. आवाज जाड होतो, पण लयीत नवे काही येत नाही. लय बदलते ती पाऊण मात्रेने. पिंक फ्लॉइडच्या डेव्हिड गिल्मरने १९७९च्या ‘रन लाइक हेल’मध्ये हेच अंतर वापरले आणि यू-टूच्या द एज या गिटारवादकाने तर त्यावर स्वतःची शैली उभी केली. ‘व्हेअर द स्ट्रीट्स हॅव नो नेम’ (१९८७) हे त्याचे ठळक उदाहरण. या गाण्याचा वेग साधारण १२६च्या घरात आहे, म्हणून पुढचा हिशोब त्याच वेगावर मांडला आहे.

१२६ला पाऊण मात्रा म्हणजे ४७६.२ च्या तीन चतुर्थांश, ३५७ मिलिसेकंद. मात्रेचे चार पाव केले, तर अर्ध्या-अर्ध्या मात्रेने वाजणारे सूर शून्य, दोन, चार, सहा या पावांवर पडतात. प्रत्येकाची पहिली नक्कल तीन पावांनंतर येते, म्हणजे तीन, पाच, सात, नऊ या जागी. वादकाने सोडलेल्या रिकाम्या जागा बरोबर भरल्या जातात. ऐकणाऱ्याला सलग पाव-पाव मात्रेची दौड ऐकू येते आणि वादकाचा हात प्रत्यक्षात निम्म्याच वेगाने चाललेला असतो. युक्ती स्वस्त आहे, परिणाम मात्र भरगच्च. त्यासाठी नकलेचा आवाज मूळ सुराच्या जवळपास ठेवावा लागतो. ती दबकी ठेवली तर दौड लंगडते.

फीडबॅक वाढवून एका सुराच्या अनेक नकला घेतल्या की त्या तीन, सहा, नऊ, बारा या पावांवर पडतात. यातली दुसरी नक्कल सहाव्या पावावर येते, जिथे वादकाचा मूळ सूर आहे. चूक पकडायची ती इथेच. पेडलवर ३५७ ऐवजी गोल आकडा म्हणून ३५० लावले, तर पहिली नक्कल ७ मिलिसेकंद लवकर येईल आणि ते सहसा कुणाच्या लक्षात येणार नाही. पण चूक नकलेगणिक वाढते: दुसरीला १४, चौथीला २८. साधारण वीस-तीस मिलिसेकंदांच्या फरकाने आलेले दोन तुटक आवाज कानाला एक वाटेनासे होतात, ‘ट-टक’ असा दुहेरी ठोका ऐकू येतो. तपासण्यासाठी बाकी वाद्ये बंद करून फक्त ड्रम आणि डिले लावलेले वाद्य ठेवावे, फीडबॅक मुद्दाम वाढवावा आणि शेवटच्या नकलांकडे कान द्यावा. त्या ठोक्याच्या पुढे धावत असतील तर वेळ वाढवायची, मागे रेंगाळत असतील तर कमी करायची.

चुकलेला डिले गाण्याच्या शेवटी फार मागे पडतो, असा एक समज आहे. तो खरा नाही. प्रत्येक नव्या सुरापासून मोजणी पुन्हा शून्यातून सुरू होते. चूक साठते ती एका सुराच्या नकलांमध्येच. गाण्याचा वेगच हलला तर मात्र गोष्ट वेगळी. जोशात येऊन ड्रमरने १२६चे १३० केले, की पाऊण मात्रा ३४६ मिलिसेकंदांची होते आणि ३५७वर लावलेली पहिली नक्कल ११ मिलिसेकंद उशिरा येते, तिसरी ३३. म्हणून मंचावर ड्रमरच्या कानात क्लिक देतात, नाहीतर पेडलचे टॅप बटण पायाने ठेक्यात दाबून नवा वेग देतात.

मोजणीतला आणखी एक घोटाळा म्हणजे निम्मा किंवा दुप्पट वेग. तेच गाणे एखादे यंत्र ६३चे ठरवते. त्यावर पाऊण मात्रा ७१४ मिलिसेकंद निघते, जी १२६च्या हिशोबाने दीड मात्रा आहे. ती तालात बसते, म्हणूनच चूक लवकर लक्षात येत नाही. फक्त अपेक्षित दौड ऐकू येत नाही.

दादऱ्यासारख्या तीन-तीनच्या चालीत पाऊणचा मोह टाळावा. तिथे तीन मात्रांचा एक ठोका धरून वेग १०० असेल, तर ठोका ६०० मिलिसेकंदांचा आणि त्यातली प्रत्येक मात्रा २०० मिलिसेकंदांची. प्रतिध्वनी २०० किंवा ४०० वर हवा. पाऊण ठोका ४५०वर पडतो, म्हणजे कुठल्याच मात्रेवर नाही. मोजणारा प्रत्येक मात्रा धरून ३०० बीपीएम म्हणाला तरी ६०,००० भागिले ३०० पुन्हा २००च येतात.

फार छोट्या अंतरांना मात्र हा हिशोब लागू करण्यात अर्थ नाही. १९५०च्या दशकात मेम्फिसच्या सन स्टुडिओत गायकाच्या आवाजामागे एक झटपट नक्कल जोडत. ती टेपच्या यंत्रातून येई आणि तिची वेळ ठरे रेकॉर्ड करणारे व वाजवणारे हेड किती दूर आहेत आणि टेप किती वेगाने धावते यावर. हेडमध्ये दोन इंच अंतर आणि टेपचा वेग सेकंदाला १५ इंच असेल, तर १३३ मिलिसेकंद. गाणे संथ असो वा द्रुत, आकडा तोच. अशी एकच, दबकी नक्कल कान तालात मोजत नाही, आवाजाचाच भाग मानतो. तिथे भागाकार न करता कानाला बरे वाटेल तिथे बटण थांबवावे.