वाईट बातमी कितव्या वाक्यात?

१७ जुलै २०१४ रोजी मायक्रोसॉफ्टचे एक बडे अधिकारी स्टीफन एलॉप यांनी आपल्या विभागाला एक लांबलचक पत्र पाठवलं. नोकियाचा मोबाइल व्यवसाय मायक्रोसॉफ्टकडे येऊन जेमतेम तीन महिने झाले होते आणि आपलं पुढे काय होणार, या चिंतेत तिथली माणसं होती. पत्राची सुरुवात मात्र गप्पा मारायला आल्यासारखी खेळकर होती. मग फोनचं धोरण आलं, स्वस्त फोन, महाग फोन, कुठल्या गावातली टीम काय करणार, सगळं सविस्तर. असे दहा परिच्छेद ओलांडल्यावर एका वाक्यात कळत होतं, की साडेबारा हजार नोकऱ्या जाणार आहेत. नोकरकपात कशी सांगू नये, याचं उदाहरण म्हणून हे पत्र आजही दाखवलं जातं.

एलॉप यांना बातमी लपवायचीच होती, असं मला वाटत नाही. लिहिणारा आपल्या विचारांच्या क्रमाने लिहितो: आधी बाजार, मग धोरण, मग त्यातून निघालेला निर्णय. ऐकणाऱ्याच्या डोक्यात मात्र एकच प्रश्न असतो, माझी नोकरी आहे की गेली? तो सुटेपर्यंत बाकीचं काही कानात शिरत नाही.

आपल्याकडे अशी बातमी बहुधा टाउनहॉलमध्ये सांगतात. सगळ्यांना कॅन्टीनमध्ये नाहीतर स्क्रीनसमोर एकत्र बोलावायचं, सीईओंनी दहा-पंधरा मिनिटं बोलायचं, मग प्रश्नोत्तरं. भाषणाचा मसुदा एचआर करतं, वकील त्यावर हात फिरवतात आणि शेवटी तो कोणाकडे तरी येतो, 'जरा माणसांसारखा करून द्या' या सूचनेसह. हे काम भाषेचं समजलं जातं. प्रत्यक्षात त्यातलं निम्म्याहून जास्त काम चौकशीचं असतं. मसुद्यातलं वाक्य गुळमुळीत असेल, तर बहुतेकदा त्यामागचा निर्णयच झालेला नसतो, किंवा तो कोणाचा हे सांगायचं नसतं.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. हिंजवडीतली एक इंजिनिअरिंग सेवा देणारी कंपनी, ६४० माणसं. जूनमध्ये सर्वांत मोठा युरोपीय ग्राहक काम काढून घेतो आणि ऑक्टोबरमध्ये ८५ जणांना कमी करायचं ठरतं. मसुदा असा येतो:

'मित्रहो, गेल्या काही वर्षांत आपल्या परिवाराने मोठी झेप घेतली आहे. मात्र बदलत्या जागतिक परिस्थितीत दीर्घकालीन वाढीच्या दृष्टीने व्यवस्थापनाला मनुष्यबळाच्या फेररचनेचा कठीण निर्णय घ्यावा लागला आहे. याचा काही सहकाऱ्यांवर परिणाम होईल. माझ्यासाठीही हा अत्यंत वेदनादायी क्षण आहे. बाधित सहकाऱ्यांना कंपनी सर्वतोपरी साहाय्य करेल.'

व्याकरणात चूक नाही, सौजन्यही भरपूर आहे. पण समोर बसलेल्या माणसाच्या हाती काय लागलं? 'काही सहकारी' म्हणजे पाच की दोनशे? 'परिणाम' म्हणजे बदली, पगारकपात की घरी जाणं? 'सर्वतोपरी साहाय्य' म्हणजे किती महिन्यांचा पगार? आणि 'व्यवस्थापन' तर असं बोलतंय, जणू ते या खोलीत हजरच नाही.

म्हणून मसुद्यातला एकही शब्द न बदलता आधी प्रश्न परत पाठवायचे. नेमकी किती माणसं? नावं कोणत्या निकषावर काढली? ज्याला जायचंय त्याला कधी आणि कोण सांगणार? शेवटचा दिवस कोणता, फुल अँड फायनल किती दिवसांत, घरच्यांचा आरोग्य विमा कधीपर्यंत? प्रसूती रजेवर असलेल्यांचं काय, क्लायंटकडे परदेशी गेलेल्यांचं काय? वरिष्ठांच्या पगाराला कात्री लागणार का? आणि राहणाऱ्यांसाठी, पुढची फेरी येणार का?

यातली निम्मी उत्तरं लगेच येतात. उरलेली आली नाहीत, की कळतं वाक्य धूसर का होतं ते. विम्याचं कोणी ठरवलेलंच नसतं, म्हणून 'सर्वतोपरी' आलेलं असतं. एचआर आणि फायनान्स एका टेबलाशी बसतात आणि विमा मार्चअखेरपर्यंत चालू ठेवायचं ठरवतात. भाषणात जो जिव्हाळा लोकांना जाणवतो, त्याचा मोठा वाटा अशा बैठकीतून येतो.

निकषाचा प्रश्न फार जपून विचारावा लागतो. अशा भाषणात 'यात तुमच्या कामाचा दोष नाही' हे वाक्य जवळजवळ ठरलेलं असतं. ऐकायला ते उदार आहे, पण ८५ नावं जर अप्रेझलच्या रेटिंगवरून काढली असतील, तर ते सरळ खोटं आहे आणि दुपारपर्यंत कोणीतरी ते ताडतोच. आपल्या उदाहरणात गेलेल्या ग्राहकाच्या दोन प्रकल्पांवरचीच माणसं कमी होतायत, म्हणून वाक्य ठेवता येतं. निकष मिश्र असता, तर ते काढून 'गेलेल्या प्रकल्पांवरच्या लोकांपैकी कोणाला दुसरीकडे घेता येतं, हे कौशल्यं आणि मागची दोन रेटिंग्ज पाहून ठरवलं' असं लिहावं लागलं असतं. ऐकायला कडू, पण खरं.

सगळी उत्तरं आल्यावर भाषण असं होतं:

'नमस्कार. आज वाईट बातमी आहे, ती आधी सांगतो. आपण ८५ जणांच्या नोकऱ्या संपवतो आहोत. आज आपण ६४० आहोत. तुमचं नाव त्यात आहे की नाही, हे दुपारी एकपर्यंत प्रत्येकाला कळेल. ज्यांना जावं लागणार आहे, त्यांना त्यांचे मॅनेजर स्वतः भेटतील. बाकीच्यांना तसा मेल येईल.

हे का झालं? जूनमध्ये आपला सर्वांत मोठा ग्राहक गेला. आपलं पाचव्या हिश्शाचं काम त्याच्याकडून येत होतं. तो जाईल अशी चिन्हं वर्षाच्या सुरुवातीपासून दिसत होती, तरी त्याच्या प्रकल्पांसाठी मार्चपर्यंत भरती चालू ठेवायचा निर्णय माझा होता. तो चुकला. ज्यांना जावं लागतंय, त्यांच्या कामात खोट होती म्हणून हे झालेलं नाही.

जाणाऱ्यांचा शेवटचा दिवस ३० नोव्हेंबर. तोपर्यंतचा पूर्ण पगार, त्यावर तीन महिन्यांचा पगार आणि नोकरीच्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचा. घरच्यांसह आरोग्य विमा ३१ मार्चपर्यंत. लॅपटॉप तुमच्याकडेच राहील, दुसरी नोकरी शोधायला लागेल. माझा पगार या महिन्यापासून मार्चपर्यंत निम्मा होईल.

पुन्हा असं होईल का? मार्चपर्यंतचं काम हातात आहे आणि आजचा आकडा त्यावरच काढलेला आहे. त्यापुढचं मला आज ठाऊक नाही. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात नवी कामं किती आली, हे आकड्यांसह इथेच सांगेन.'

हे सावकाश वाचलं तरी दोन मिनिटांच्या आसपास होतं. सीईओंची पहिली प्रतिक्रिया बहुतेकदा 'हे फार कोरडं झालं' अशी असते आणि मग 'परिवार', 'जड अंतःकरणाने' वगैरे परत घालायचा आग्रह सुरू होतो. वकील 'तो चुकला' या दोन शब्दांवर बोट ठेवतात. वकिलांचं प्रत्येक वेळी ऐकावं असं नाही, पण उडवूनही लावू नये. कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल आणि बातमी भावावर परिणाम करणारी असेल, तर ती बाजाराला कळवण्याआधी कॅन्टीनमध्ये सांगता येत नाही. टाउनहॉलची वेळ त्याप्रमाणे बांधावी लागते. चुकीच्या कबुलीवर मात्र मी भांडतो. भरती कोणी चालू ठेवली, हे सभागृहातल्या प्रत्येकाला माहीत असतं. ते न बोलता पुढे गेलं, की उरलेलं सगळं भाषण संशयाने ऐकलं जातं.

कोरडेपणाची तक्रार अगदीच खोटी नाही. भावना भाषणात असाव्यात, प्रश्न त्यांच्या जागेचा आहे. मार्च २०२० मध्ये मॅरियट हॉटेल कंपनीचे प्रमुख आर्न सोरेन्सन यांनी कर्मचाऱ्यांसाठी सहा मिनिटांच्या आतली एक चित्रफीत केली. कर्करोगावरच्या उपचारांनी त्यांचे केस गेले होते. या रूपात कॅमेऱ्यासमोर यावं का, अशी शंका त्यांच्या लोकांनी घेतली होती आणि तीही त्यांनी सुरुवातीला सांगून टाकली. मग आकडे आले: बहुतेक ठिकाणी धंदा नेहमीपेक्षा ७५ टक्क्यांनी खाली आहे. ते स्वतः आणि अध्यक्ष बिल मॅरियट वर्षाचा उरलेला पगार घेणार नाहीत, वरिष्ठांचा पगार निम्मा होणार आहे. हे सगळं सांगून झाल्यावर, शेवटाकडे, याहून अवघड क्षण मी अनुभवलेला नाही, असं ते म्हणाले. तिथे त्यांचा आवाज दाटून आला आणि कोणाला ते नाटकी वाटलं नाही. आपल्या मसुद्यातला 'वेदनादायी क्षण' चौथ्याच वाक्यात होता, लोकांना स्वतःचं काय होणार हे कळायच्याही आधी. तो काढून शेवटी एखादं साधं वाक्य सीईओंनी स्वतःच्या शब्दांत बोलावं. ते आपण लिहून देऊच नये.

क्रमाइतकीच काळजी दोन घोषणांमधल्या वेळेची घ्यावी लागते. मे २०२० मध्ये एअरबीएनबीने साडेसात हजारांपैकी सुमारे १,९०० जणांना कमी केलं, तेव्हा प्रमुख ब्रायन चेस्की यांनी पत्रात आकडा, कारण आणि मदत सांगितलीच, शिवाय अमेरिका आणि कॅनडातल्या ज्यांना जायचंय त्यांना पुढच्या काही तासांत भेटीचं निमंत्रण येईल, हेही सांगितलं. बातमी सकाळी आणि नावं पुढच्या आठवड्यात, असं केलं तर ८५ ऐवजी ६४० माणसांची झोप उडते आणि ज्यांना ठेवायचंय तेच आधी बायोडाटा पाठवायला लागतात. नावं काढून झाली नसतील, तर टाउनहॉल दोन दिवस पुढे ढकलावा.

लिहून झालं, की सीईओंकडून ते मोठ्याने वाचून घ्यायचं. जिथे जीभ अडखळते, ते वाक्य त्यांचं नसतं. पुण्यातले कितीतरी सीईओ मीटिंगमध्ये मराठी-हिंदी-इंग्रजी मिसळून बोलतात आणि टाउनहॉलला मात्र कडक इंग्रजीत शिरतात. लोकांना तो माणूस अनोळखी वाटतो. रोज बोलतात तसंच बोलू द्यावं, आकडे तेवढे कागदावर असावेत.

ऑक्टोबर असल्यामुळे प्रश्नोत्तरांत दिवाळी बोनस येणारच. त्याचं उत्तर आदल्या दिवशी ठरवून ठेवायचं, जाणाऱ्यांना मिळणार की नाही यासकट. आणि भाषण संपल्यावर दहा मिनिटांत तोच मजकूर, तेच आकडे, मेलवर सगळ्यांना जायला हवेत. 'पंच्याऐंशी' ऐकल्यानंतरचं पुष्कळांना काहीच आठवत नाही आणि संध्याकाळी घरी विम्याची तारीख विचारली जाते.