वसूल झाले, पण फिटले का?

माझ्या आतेभावाची तालुक्याच्या गावी पिठाची गिरणी आहे. तीन लाख रुपये कर्ज काढून धंद्यात काहीतरी वाढवायचं, असं त्याच्या मनात होतं आणि समोर तीन पर्याय होते. पहिला, मसाला दळायचा पल्व्हरायझर. एका मसालेवाल्याने तीन वर्षांचं काम देऊ केलं होतं. दुसरा, शेवयांचं यंत्र. तिसरा, गिरणीच्या छपरावर पाच किलोवॅटची सौर यंत्रणा. मी बँकेच्या कर्जविभागात बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून तो कागद घेऊन माझ्याकडे आला. कागदावर प्रत्येक पर्यायापुढे एकच आकडा होता: पैसे किती वर्षांत वसूल.

पल्व्हरायझर दोन वर्षं. शेवया तीन वर्षं. सौर पाच वर्षं. त्याने पल्व्हरायझरवर खूणही करून ठेवली होती.

हा हिशेब चुकीचा नव्हता. मसाल्याच्या कामातून खर्च वजा जाता पहिल्या वर्षी दीड लाख, दुसऱ्या वर्षी दीड लाख आणि तिसऱ्या वर्षी, काम कमी होत जाऊन यंत्र मोडीत काढताना, सगळं मिळून साठ हजार येणार होते. तीन लाख घातले, दोन वर्षांत तीन लाख आले. यालाच पेबॅक म्हणतात, परतफेडीचा कालावधी. गुंतवलेली रक्कम हातात येईपर्यंतची वर्षं मोजायची आणि थांबायचं.

मी त्याला म्हटलं, "हे कर्ज आहे ना? मग पासबुक लिहून बघू." बारा टक्के व्याज धरलं. सोपेपणासाठी व्याज वर्षाअखेर आणि मिळकतही वर्षाअखेर. तीन लाखांवर पहिल्या वर्षाचं व्याज ३६,००० म्हणजे देणं ३,३६,०००. त्यातून दीड लाख भरले, राहिले १,८६,०००. दुसऱ्या वर्षी ते व्याजासकट २,०८,३२० झाले, पुन्हा दीड लाख भरले, राहिले ५८,३२०. कागदावर पैसे वसूल झालेल्या दिवशी खात्यावर अठ्ठावन्न हजारांचं देणं उभं होतं! तिसऱ्या वर्षी ते ६५,३१८ झालं आणि हाती आले साठ हजार. यंत्र मोडीत गेलं, काम संपलं आणि ५,३१८ रुपये खिशातून भरायचे.

आतेभाऊ बराच वेळ त्या शेवटच्या ओळीकडे बघत राहिला. तीन लाखांचे तीन लाख साठ हजार होऊनही तोटा, हे त्याला पटेना. पण वरचे साठ हजार आणि आणखी पाच हजार बँकेच्या व्याजात गेले होते. पेबॅकच्या हिशेबात ते व्याज कुठेच नव्हतं.

तोच हिशेब उलट्या दिशेने केला की निव्वळ वर्तमान मूल्य मिळतं. वर्षभराने येणाऱ्या दीड लाखाला १.१२ ने भागायचं, दोन वर्षांनी येणाऱ्याला १.१२ ने दोनदा, तीन वर्षांनी येणाऱ्याला तीनदा. म्हणजे पुढच्या प्रत्येक रकमेची आजची किंमत कळते: १,३३,९२९, मग १,१९,५७९, मग ४२,७०७. बेरीज २,९६,२१५. आज घालायचे तीन लाख वजा केले की उणे ३,७८५. पासबुकातल्या ५,३१८ ची आजची किंमत काढली तर ती हीच येते. ही वेगळी विद्या नाही, कर्जखातंच आहे, फक्त आजच्या दिवसावर उभं राहून लिहिलेलं.

दर मात्र विचारपूर्वक धरावा लागतो. हेच तीन लाख घरचे असते आणि ठेवीवर आठ टक्के मिळत असते, तर पल्व्हरायझरचं वर्तमान मूल्य पंधरा हजारांनी जमेचं निघालं असतं. अकरा टक्क्यांच्या थोडं वर गेलं की ते उण्यात जातं. म्हणजे तेच यंत्र एकाला परवडेल आणि कर्ज काढणाऱ्याला परवडणार नाही. पेबॅकला हा फरक दिसत नाही. त्याच्या लेखी दोघांचे पैसे दोनच वर्षांत वसूल.

मग सौर यंत्रणेकडे वळलो. पाच किलोवॅटमधून दिवसाला साधारण वीस युनिट, वर्षाला सात हजारांच्या आसपास. साडेआठ रुपये दराने वर्षाला साठ हजारांचं बिल वाचतं. साधा पेबॅक पाच वर्षं. पण पासबुकात पहिल्या वर्षीच्या साठ हजारांतले ३६,००० व्याजात जातात आणि मुद्दल फक्त २४,००० ने उतरतं. त्यामुळे पाचव्या वर्षी नव्हे, तर आठवं वर्ष उलटून नववं लागल्यावर कर्ज फिटतं. या आकड्याला डिस्काउंटेड पेबॅक म्हणतात, म्हणजे व्याजासकट वसुली. पल्व्हरायझरला हा आकडा मिळतच नाही, कारण त्याचं कर्ज फिटतच नाही. इथपर्यंत ही सुधारलेली रीत साध्या पेबॅकपेक्षा नक्कीच शहाणी आहे.

पण शेवयांच्या यंत्रापाशी तीही फसते. ते पाच वर्षं चालणार आणि दरवर्षी एक लाख देणार. व्याज धरूनही त्याचे पैसे चार वर्षं पुरी व्हायच्या आत वसूल होतात. चार विरुद्ध आठ, म्हणजे शेवयाच घ्याव्यात, नाही का? पण शेवयांचं यंत्र वसुलीनंतर जेमतेम वर्षभर कमावतं आणि सौर पॅनेल वीस वर्षं धरले तर वसुलीनंतर अकरा-बारा वर्षं. डिस्काउंटेड पेबॅकही वसुलीच्या दिवशी वही मिटतो. पुढची कमाई त्यात नाही आणि पुढचा खर्चही नाही. सौर यंत्रणेचा इन्व्हर्टर बाराव्या वर्षाच्या सुमाराला बदलावा लागेल, असं धरलं. ते पन्नास हजार आठ वर्षांच्या हिशेबात येतच नाहीत. वर्तमान मूल्यात येतात: आजच्या किमतीत सुमारे १२,८०० रुपये. ते वजा करून सौरचं निव्वळ वर्तमान मूल्य सुमारे १,३५,००० आणि शेवयांचं सुमारे ६०,०००.

इथे निष्पक्ष राहायला हवं. वीस वर्षांची पाच वर्षांशी तुलना सरळ नाही. शेवयांचं यंत्र दर पाच वर्षांनी त्याच किमतीत, तेवढ्याच गिऱ्हाइकीसह नव्याने घेता आलं, तर चार यंत्रांचं मिळून आजचं मूल्य सव्वा लाखाच्या आसपास येतं. सौर पुढे आहे, पण थोडंसंच. गिऱ्हाईक टिकेल अशी खात्री असलेल्या माणसाने शेवया निवडल्या तर मी त्याला वेड्यात काढणार नाही.

पेबॅक मी टाकूनही देत नाही. पैसे कधी हातात येतात हे त्याच्याकडून कळतं आणि बँकेचा हप्ता वर्तमान मूल्यातून भरता येत नाही. तीन लाखांचं कर्ज पाच वर्षांच्या मुदतीने घेतलं तर महिन्याचा हप्ता ६,६७३ रुपये. वाचणारं बिल महिन्याला पाच हजार. चांगली गुंतवणूक असूनही पाच वर्षं दर महिन्याला सोळाशे-सतराशे रुपये बाहेरून घालावे लागले असते. पावसाळ्यात ऊन कमी, तेव्हा जास्तच.

आतेभावाने सौरच घेतलं, पण बँकेकडे मुदत सात वर्षांची मागितली. हप्ता ५,२९६ रुपये बसला. वरचे तीनेकशे तो दळणाच्या पैशांतून घालतो.